वावरात राबणारी बाई आकडेवारीत कुठे जाते? अनौपचारिक कामगारांच्या मोजणीवरची असाइनमेंट, पायरी-पायरीने

अर्थशास्त्राच्या एम.ए.ला श्रम-आकडेवारीचा पेपर असतो आणि त्यात हमखास एक असाइनमेंट येते: सरकारी आकडेवारीत अनौपचारिक कामगार कमी का दिसतात, आणि व्याख्या बदलली की चित्र कसं बदलतं. बहुतेक मुलं अहवालांतले चार तक्ते उतरवतात, त्याखाली ‘व्याख्यांमध्ये तफावत आहे’ असं एक वाक्य लिहितात आणि फाइल देऊन मोकळी होतात. यवतमाळ, वर्धा, वाशीमकडची खेड्यातून येणारी मुलंही हेच करतात, याचं मला फार वाईट वाटतं. कारण या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या स्वतःच्या घरात, शेजारच्या वावरात पडलेलं असतं.

म्हणून मी सांगतो ती पद्धत उलटी आहे. आधी गावातल्या दहा घरांचं वर्षभराचं काम नीट लिहून काढायचं. मग तेच काम, एकही दिवस न बदलता, वेगवेगळ्या व्याख्यांच्या चाळणीतून काढायचं. कोण कुठल्या चाळणीतून गळतं हे डोळ्यांनी दिसतं. खाली एकच घर पूर्ण सोडवून दाखवलं आहे. घर नमुन्यादाखल रचलेलं आहे, पण कापसाच्या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात असं घर सापडेल.

आधी कामाचं कॅलेंडर

‘तुम्ही काय काम करता?’ हा प्रश्न विचारूच नका. बाईला विचारलात तर उत्तर ठरलेलं आहे: “काई नाई जी, घरीच रायतो.” आणि हे उत्तर देताना तिच्या हाताला पऱ्हाटीच्या बोंडांचे ओरखडे असतात. ती खोटं बोलत नाही. ‘काम’ म्हणजे नोकरी किंवा रोजाचं काम, घरच्या वावरातलं ते काम नव्हे, असा तिचा आणि आपला सगळ्यांचाच समज आहे. घरधन्याला विचारलं तर तो आणखी लवकर मोकळा होतो: “ते घरीच असते.”

त्याऐवजी हंगाम धरून मागे चला. निंदणाला किती दिवस गेलात? त्यातले घरच्या वावरात किती, दुसऱ्याच्या किती? पोळ्याच्या आसपास काय चाललं होतं? सोयाबीनच्या सोंगणीला गेलात का? कापसाचा पहिला वेचा दिवाळीच्या आधी झाला की नंतर? दुसरा, तिसरा वेचा? उलंगवाडी कधी झाली? मग होळीपर्यंत काय? बकऱ्या कोण चारतं, तुरी कोण साफ करतं? माणसाला ३६५ दिवसांचा हिशेब आठवत नाही, पण वेचे आठवतात. त्या आठवणींना दिवस जोडत जा. एका घराला सव्वा-दीड तास लागतो, आणि भेट संध्याकाळी ठेवा, म्हणजे बाया घरी असतात. ज्याचं काम, त्यालाच विचारा. इतरांनी दिलेलं उत्तर घ्यावंच लागलं तर तशी खूण करून ठेवा, ती पुढे कामी येते.

कॅलेंडर भरून झाल्यावर एक प्रश्न आणखी विचारायचा, आणि तो विसरलात तर सगळी मेहनत अर्धी वाया जाते: ज्या दिवसांत काम नव्हतं, त्यातल्या किती दिवशी काम मिळालं असतं तर गेला असता? याचं महत्त्व पुढे कळेल.

नमुन्याच्या घरात पंधरा वर्षांवरची पाच माणसं आहेत. चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर.

घरधनी, वय ४४, घरचं शेत बघतो, २३० दिवस काम. त्याची बायको, वय ३९: घरच्या वावरात ७० दिवस, दुसऱ्याकडे मजुरीने ४५ दिवस, काम मिळालं असतं तर गेली असती असे ८० दिवस, आणि निव्वळ घरकामाचे १७० दिवस. सासू, वय ६४: घरातलं सगळं करून रोज दोन-तीन तास चार बकऱ्या चारते, बोकड विकले जातात. मुलगी, वय १९: कॉलेजात आहे, दिवाळीच्या सुट्टीत २५ दिवस किलोमागे मजुरीने कापूस वेचला. धाकटा दीर, वय २८: जिनिंगमध्ये १२५ दिवस, उन्हाळ्यात नागपूरला बांधकामावर ७० दिवस.

पहिली चाळणी: कामगार आहे की नाही

आज भारतात रोजगाराचा मुख्य सरकारी स्रोत म्हणजे २०१७ साली सुरू झालेलं नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, म्हणजेच पीएलएफएस. त्यात माणसाची स्थिती दोन प्रकारे ठरवतात. एक म्हणजे गेल्या ३६५ दिवसांवरून काढलेली नेहमीची स्थिती, आणि दुसरी गेल्या सात दिवसांवरून काढलेली चालू आठवड्याची स्थिती.

नेहमीच्या स्थितीत आधी ‘मुख्य’ स्थिती बघतात. इथे पुष्कळ मुलं चुकतात. त्यांना वाटतं १८३ दिवस काम केलं तरच मुख्य कामगार. तसं नाही. हा निर्णय दोन पायऱ्यांत होतो. पहिल्या पायरीत काम केलेले दिवस आणि कामाला उपलब्ध असलेले बेकारीचे दिवस एकत्र धरतात, आणि वर्षातला जास्त काळ त्यात गेला का हे पाहतात. गेला असेल तर माणूस श्रमबलात आहे. मग दुसऱ्या पायरीत काम जास्त की बेकारी जास्त, हे बघून कामगार की बेरोजगार ते ठरतं.

आता आपल्या घरातली बायको घ्या. कामाचे दिवस ११५. एवढेच लिहिले तर उरलेले २५० दिवस घरकामात जातात आणि ती मुख्य स्थितीत श्रमबलाबाहेर पडते. पण तो शेवटचा प्रश्न विचारला असेल तर ११५ अधिक ८० म्हणजे १९५ दिवस ती श्रमबलात आहे, जे घरकामाच्या १७० दिवसांपेक्षा जास्त आहेत. आणि श्रमबलातल्या दिवसांत ११५ काम विरुद्ध ८० बेकारी, म्हणून ती मुख्य कामगार. तिने एक दिवसही जास्त काम केलेलं नाही. फक्त एक प्रश्न विचारला गेला. गावात उन्हाळ्यात काम नसतंच, म्हणून कोणी शोधायला जात नाही, आणि शोधायला गेली नाही म्हणून सर्वेक्षकाला वाटतं तिला काम नको आहे. ग्रामीण बायांची मोजणी चुकते ती सगळ्यात जास्त या जागी, असं माझं मत आहे.

मुख्य स्थितीत जे बाहेर पडतात त्यांच्यासाठी ‘दुय्यम’ स्थिती आहे: वर्षात ३० दिवस किंवा जास्त काम केलं असेल तर दुय्यम कामगार. हे काम वर्षभर घरकामाच्या सोबत थोडं-थोडं चाललं तरी धरतात. सासू इथे येते. तिचा जास्त वेळ घरकामात जातो, पण बकऱ्यांचं काम वर्षभर आहे. मुलगी मात्र २५ दिवसांमुळे राहून जाते. आणखी पाच दिवस वेचायला गेली असती तर ती कामगार ठरली असती.

इथे संकेतांक बघून ठेवा, कारण कच्च्या फाइलमध्ये हेच दिसतील. ११ म्हणजे स्वतःचा व्यवसाय किंवा शेत करणारा, २१ म्हणजे घरच्या कामात बिनपगारी मदत करणारा, ३१ नियमित पगारी, ४२ रोजगार हमीचं काम, ५१ इतर रोजमजुरी, ९१ विद्यार्थी. ९२ म्हणजे फक्त घरकाम, आणि ९३ म्हणजे घरकाम अधिक सरपण, चारा, रानभाजी गोळा करणं, घरापुरतं शिवणकाम अशी कामं. ९२ आणि ९३ दोन्ही श्रमबलाबाहेर धरतात. घरच्या चुलीसाठी पऱ्हाट्या आणि सरपण आणणं हे राष्ट्रीय लेख्यांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत उत्पादनात येतं, पण इथे ते काम धरलं जात नाही. तुमच्या दहा घरांतल्या ९३ च्या बाया वेगळ्या मोजा. चाळणीत गळालेलं काम किती आहे, याचा तो सरळ अंदाज आहे.

बायकोला कुठला संकेतांक द्यायचा? घरचे ७० दिवस, मजुरीचे ४५. जास्त वेळ घरचा, म्हणून २१. तिची ४५ दिवसांची मजुरी मुख्य नोंदीत कुठेच दिसणार नाही. विदर्भात शेतमजूर बाया किती, हे त्या एका रकान्यातून काढायला गेलात तर आकडा कमीच येणार, आणि याचं कारण तुम्हाला आता आकड्यानिशी दाखवता येईल.

आठवड्याच्या स्थितीचा नियम वेगळा. सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं, तरी कामगार. कामाला इतर सगळ्यापेक्षा अग्रक्रम. दिवाळीच्या आठवड्यात या घरी गेलात तर पाचही माणसं कामगार निघतात, कॉलेजची मुलगीसुद्धा. एप्रिलच्या शेवटी गेलात तर घरधनी वखरणीला, दीर बांधकामावर, सासू बकऱ्यांमागे: तीन कामगार. बायको त्या आठवड्यात उपलब्ध आहे पण काम नाही, म्हणून बेरोजगार. आणि विचारलंच नाही तर ‘घरकाम’.

| कसं मोजलं | पाचपैकी कामगार |
|---|---|
| घरधन्याला घाईत विचारून, मुख्य स्थिती | २ |
| प्रत्येकाला विचारून, मुख्य स्थिती | ३ |
| मुख्य आणि दुय्यम मिळून | ४ |
| आठवडा, दिवाळी | ५ |
| आठवडा, एप्रिलअखेर | ३ |

म्हणजे एकाच घराचं कामगार-प्रमाण ४० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत कुठेही जाऊ शकतं. राष्ट्रीय सर्वेक्षणात घरं वर्षभर वाटून घेतात, त्यामुळे दिवाळी आणि एप्रिल यांची सरासरी होते. तुमच्या असाइनमेंटमध्ये तसं होणार नाही, कारण तुम्ही एकाच महिन्यात जाणार. भेटीचा आठवडा तक्त्यावर लिहिलाच पाहिजे.

दहा घरांचं हे सगळं शीटमध्ये करायचं असेल तर तीन स्तंभ पुरे: B मध्ये कामाचे दिवस, C मध्ये उपलब्ध पण बेकार दिवस, D मध्ये श्रमबलाबाहेरचे दिवस. मुख्य कामगार काढायचं सूत्र:

```
=IF(AND(B2+C2>D2, B2>=C2), 1, 0)
```

मुख्य आणि दुय्यम मिळून काढायचं तर:

```
=IF(OR(B2>=30, AND(B2+C2>D2, B2>=C2)), 1, 0)
```

सासूसारख्या, रोज थोडा वेळ काम करणाऱ्या माणसासाठी पहिलं सूत्र चालवू नका. तिचे बकऱ्यांचे दिवस ३०० भरतात आणि सूत्र तिला मुख्य कामगार ठरवतं. अशा ओळींना रंग देऊन निर्णय हाताने घ्या.

जनगणनेची अट आणखी निराळी आहे. २०११ मध्ये सहा महिने किंवा जास्त काम करणारा मुख्य कामगार, त्याहून कमी असेल तर सीमांतिक, आणि ३० दिवसांची खालची मर्यादा नाही. मुलगी तिथे सीमांतिक कामगार होते. बायकोचे उपलब्धतेचे ८० दिवस तिथे धरत नाहीत, म्हणून तीही सीमांतिक. व्याख्येचा जोर किती असतो हे पाहायचं तर १९६१ आणि १९७१ च्या जनगणना शेजारी ठेवा. १९६१ मध्ये हंगामी कामाला उदार अट होती आणि देशातल्या साधारण २८ टक्के स्त्रिया कामगार होत्या. १९७१ ला ‘मुख्य व्यवसाय कोणता’ असं विचारलं गेलं आणि ते प्रमाण निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली आलं. दहा वर्षांत बाया शेतातून उठून घरी बसल्या नव्हत्या.

दुसरी चाळणी: अनौपचारिक आहे की नाही

इथे आधी दोन शब्द वेगळे करा. ‘अनौपचारिक क्षेत्र’ हे उद्योगाचं वर्णन आहे: धंदा कुणाच्या मालकीचा, कसा चालतो. ‘अनौपचारिक रोजगार’ हे माणसाच्या नोकरीचं वर्णन आहे: त्याला पीएफ, रजा, संरक्षण आहे की नाही. १९९३ च्या आंतरराष्ट्रीय श्रम-सांख्यिकी परिषदेने पहिली कल्पना मांडली, २००३ च्या परिषदेने दुसरी. मोठ्या कंपनीत कंत्राटी हमाल असेल तर क्षेत्र औपचारिक आणि रोजगार अनौपचारिक.

पीएलएफएसच्या अहवालात अनौपचारिक क्षेत्राचा जो गाजलेला आकडा असतो, अलीकडे साधारण तीन-चतुर्थांशाच्या आसपास, तो सगळ्या कामगारांचा नाही. पीक घेण्याची शेती त्यातून आधीच वगळलेली आहे. बिगरशेती उद्योग आणि शेतीतले काही गट, जसं पशुपालन, कापणीनंतरची कामं, वनोपज, मासेमारी, एवढेच त्यात आहेत. त्यातल्या मालकीच्या किंवा भागीदारीच्या धंद्यात काम करणारा तो अनौपचारिक क्षेत्रातला.

विदर्भासाठी याचा अर्थ नीट समजून घ्या. कापूस वेचणारी बाई त्या टक्केवारीच्या अंशात नाही आणि छेदातही नाही. तीच बाई मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जाते तेव्हा, आणि वर्षातला जास्त वेळ त्यात गेला असेल तर, वनोपज म्हणून आत येते. आणि कापूस वावरातून निघून जिनिंगमध्ये गेला की तो उद्योग-वर्गीकरणात कापणीनंतरच्या कामात मोडतो, म्हणजे तोही आत.

आता आपलं घर चाळा. मुख्य आणि दुय्यम मिळून चार कामगार. घरधनी आणि त्याची बायको पीकशेतीत, म्हणून दोघंही मोजणीबाहेर. सासू पशुपालनात, घरचा धंदा, म्हणून अनौपचारिक. दिराचा जास्त वेळ जिनिंगमध्ये. ती जिनिंग प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर क्षेत्र औपचारिक. म्हणजे मोजणीत आले दोघं, त्यातला अनौपचारिक एक: ५० टक्के. ज्या सासूला घरधन्याने ‘म्हातारी आहे, काय करते’ म्हणून सोडून दिलं होतं, तीच या घरातली एकमेव अनौपचारिक कामगार. बकऱ्यांचं विचारायचं राहिलं असतं तर या घरात अनौपचारिक कामगार शून्य.

जिनिंग भागीदारीची असेल तर दीरही अनौपचारिक, आणि उत्तर थेट १०० टक्के. म्हणून जिनिंग, दालमिल, वीटभट्टी अशा ठिकाणी जाणाऱ्या प्रत्येकाला ‘मालक एकटा आहे, भागीदार आहेत की कंपनी आहे?’ हे विचारून ठेवा. मजुराला अनेकदा ठाऊक नसतं. गेटवरच्या पाटीवर किंवा गाठींच्या पावतीवर पूर्ण नाव असतं, ते बघा. आणि लेखी करार, रजा यांचा जो प्रसिद्ध तक्ता असतो तो नियमित पगारी लोकांचा आहे. दीर रोजंदारीवर, म्हणून तो तिथेही नाही.

आता हेच घर अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालच्या असंघटित क्षेत्र आयोगाच्या व्याख्येतून काढा. हा आयोग २००४ मध्ये नेमला गेला. त्यांनी शेतीही धरली, दहापेक्षा कमी कामगार असलेले खासगी मालकीचे किंवा भागीदारीचे धंदे असंघटित मानले, आणि औपचारिक क्षेत्रातला पण मालकाकडून सामाजिक सुरक्षा न मिळणारा कामगारही अनौपचारिक मानला. घरधनी, बायको, सासू असंघटित क्षेत्रातले. दीर कंपनीत, पण पीएफ नाही, म्हणून अनौपचारिक. चारपैकी चार. देशाच्या पातळीवर २००४-०५ साठी आयोगाने काढलेलं ‘सुमारे ९२ टक्के’ हे प्रमाण याच व्याख्येचं आहे. ते आणि पीएलएफएसचं प्रमाण एका वाक्यात ठेवून ‘अनौपचारिकता घटली’ असं लिहिणारी असाइनमेंट मी परत करतो.

पूर्व विदर्भातल्या मुलांसाठी एक जादा पायरी आहे. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने रोजगाराची व्याख्या ‘मोबदला किंवा नफ्यासाठी केलेलं काम’ एवढीच ठेवली. मुख्यतः घरच्या खाण्यासाठी पिकवणं हे काम आहे, पण रोजगार नाही. कापूस तर विकण्यासाठीच असतो, म्हणून यवतमाळच्या घरात काही बदलत नाही. पण गोंदिया-गडचिरोलीकडे एकरभर धान घरच्याच कोठीत जाणारं घर घ्या. तिथे रोवणीला राबणारी बाई पीएलएफएसमध्ये कामगार आहे, कारण भारतात घरच्या वापरासाठीचं शेती-उत्पादन काम धरलं जातं. २०१३ ची व्याख्या लावली की ती रोजगारातून जाते. ‘धान मुख्यतः विकायला की खायला?’ एवढा प्रश्न वाढवा. मग कापसाच्या आणि धानाच्या गावांची तुलना करून दाखवता येईल.

राज्य आणि देशाचे आकडे जोडताना

दहा घरांवरून विदर्भाचं प्रमाण काढू नका. त्यांचा उपयोग चाळणी दाखवण्यापुरता. विदर्भाचं चित्र हवं तर सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून पीएलएफएसची कच्ची फाइल उतरवा. महाराष्ट्राचे सहा प्रदेश पाडलेले आहेत. २७५ म्हणजे बुलढाण्यापासून नागपूरपर्यंतचा पट्टा, २७६ म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. वजनाचा स्तंभ न लावता काढलेली टक्केवारी ग्राह्य धरता येत नाही.

कालावधीची तुलना करताना दोन सापळे. देशात १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमबल-सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७. व्याख्या कागदावर तीच आहे. पण वाढ कुठल्या संकेतांकात झाली ते काढा. ती बरीचशी ११ आणि २१ मध्ये, म्हणजे घरच्या कामात आहे. ती खरी वाढ किती आणि नीट विचारल्यामुळे दिसलेली किती, हे त्या फाइलवरून वेगळं करता येत नाही. तुमच्या दहा घरांतल्या ‘घाईत विचारून’ आणि ‘प्रत्येकाला विचारून’ या दोन रकान्यांतला फरक मात्र शेजारी ठेवता येतो.

दुसरा सापळा २०२५ नंतरचा. जानेवारी २०२५ पासून सर्वेक्षणाची रचना बदलली आणि दर महिन्याचे आकडे येऊ लागले, तेही आठवड्याच्या स्थितीचे. २०२३-२४ चा वार्षिक बेरोजगारी दर ३.२ टक्के आणि एप्रिल २०२५ चा ५.१ टक्के शेजारी ठेवून ‘बेरोजगारी वाढली’ म्हणणं चूक आहे. पहिला नेहमीच्या स्थितीचा, दुसरा आठवड्याच्या. आठवड्याच्याच पद्धतीने २०२४ या कॅलेंडर वर्षाचा दर ४.९ होता, तुलना करायची तर निदान त्याच्याशी, आणि रचना बदलल्याची टीप देऊन.

शेवटी मर्यादांचा परिच्छेद. त्यात ‘नमुना लहान आहे’ याच्या पुढे जाऊन तुमच्या गावात यादीतच न आलेली माणसं लिहा. सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर असलेला माणूस गावातल्या घराच्या सदस्यांत धरत नाहीत, आणि वीटभट्टीवर राहणारं कुटुंब तिथल्या यादीत सापडेलच असं नाही. आपल्या घरातला दीर अडीच महिनेच नागपूरला होता, म्हणून तो या तक्त्यात आहे. कुलूप लागलेली घरं मोजा, ती का बंद आहेत हे शेजाऱ्यांना विचारा, आणि तो आकडा तक्त्याच्या खाली वेगळ्या ओळीत द्या.